अटीवर वरच्या वर्गात

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेच्या चिटणीसबाई, प्रमुख पाहुणे म्हणून दवाखाना बंद ठेवून आलेले आमचेच माजी विद्यार्थी डॉक्टरसाहेब, मुख्याध्यापक सर, पर्यवेक्षिका बाई, माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, सकाळपासून खुर्च्या उचलून कंबर धरून बसलेले आमचे शिपाईदादा, पालकहो, आणि मागच्या रांगांत बसून हे कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

अध्यक्ष महाराज, बसून बोलले तर चालेल ना? गुडघे आता उभं राहून भाषण करू देत नाहीत. उभं राहायचं तेवढं राहून झालं. माइक जरा खाली घेता का दादा? हं, बस्स.

सगळे फार छान बोलले. इतकं छान माणूस गेल्यावर बोलतात, म्हणून मधे एकदा मी स्वतःला चिमटा काढून बघितला. दुखलं. म्हणजे अजून आहे. गणिताच्या सरांनी सांगितलं की मी कधी चिडले नाही. सर, तुम्ही तीन वर्षांपूर्वी आलात. त्याआधी मी पुष्कळ चिडून घेतलंय, तुमच्या वाट्याला उरलंच नाही काही.

तसं बघितलं तर या शाळेत सगळ्यात जास्त वेळा नापास झालेली मीच. मुलं नववीत येतात, वर्षभर माझं डोकं खातात आणि दहावीत जातात. मी नोकरीला लागले तेव्हा नववी ब मध्ये जी बसले ती आज उठतेय. मला कोणी अटीवरसुद्धा वर चढवलं नाही. हसा, हसा. मला आता हसायचाही कंटाळा येतो, पण तुम्ही हसा.

आता मुद्द्यावर येते. चिटणीसबाई मघाशी म्हणाल्या, "या बाईंनी कधी कुणाचं वर्ष वाया जाऊ दिलं नाही." टाळ्याही जोरात पडल्या. बाई, तुम्ही मायेनं बोललात, पण ते वाक्य काही माझ्या घशाखाली उतरेना. समोर पेढ्याचं ताट आलं आणि आपण जेवून आलोय असं झालं. निरोपाच्या दिवशी कुणाचं म्हणणं खोडून काढू नये हे मला कळतं. पण माझं असं नाव निघालं की मला जी मुलगी आठवते, तिची गोष्ट काही इतकी गोड नाही. तिला विचारलं मी. म्हणाली, "सांगा बाई, पण माझं नाव घेऊ नका, आणि मी कुठे बसलेय ते बघू नका." तेव्हा मी आता समोरच्या घड्याळाकडे बघून बोलणार आहे.

पालकांसाठी आधी थोडं सांगायला हवं, कारण निकालाच्या दिवशी शाळेच्या आत काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही. एका विषयात थोडेसे गुण कमी पडले तर सवलतीचे गुण देऊन मूल वर जातं. तीन विषयांत गेला तर तोच वर्ग. अडचण होते दोन विषयवाल्यांची. त्यांच्यासाठी वर्गशिक्षकाला मुख्याध्यापकांना पत्र लिहावं लागतं. एका मुलाला एक पत्र. त्यात दोन्ही सत्रांचे गुण लिहायचे, हजेरी लिहायची, कमी का पडला त्याचं कारण लिहायचं. मग येतो सगळ्यात अवघड भाग. पुढच्या वर्षी याच्या बाबतीत काय बदलणार आहे? कारण काहीच बदलणार नसेल तर वर पाठवा नाहीतर खाली ठेवा, ये रे माझ्या मागल्या. आणि शेवटी एका ओळीत शिफारस करायची, त्याच वर्गात ठेवावे, किंवा अटीवर वरच्या वर्गात पाठवावे.

ही पत्रं निकाल समितीपुढे जातात. समितीत मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, आणि त्या त्या विषयाचे शिक्षक. एका बैठकीत पत्रांचा गठ्ठा संपवायचा असतो आणि पंखा नेमका त्याच खोलीतला बंद असतो. त्यामुळे समिती बहुतेक वेळा शेवटची ओळ वाचते आणि सही करते. म्हणजे मूल कुठे बसणार हे त्या एका ओळीवर ठरतं. आणि पत्राची एक प्रत पालकांच्या घरी जाते. मी पहिल्यांदा पत्र लिहायला बसले तेव्हा त्या एका ओळीला रात्र लागली. नंतर पाच मिनिटं पुरायला लागली, हे काही फार बरं झालं असं नाही.

आता "अटीवर" म्हणजे काय? मूल दहावीत बसतं, पण हजेरीपटात त्याचं नाव सगळ्यात शेवटी पेन्सिलीनं लिहितात. क्रमांक देत नाहीत. पहिल्या सत्राची परीक्षा झाली की वर्गशिक्षक दुसरं पत्र लिहितो. जमलं तर नावावर शाई फिरते, नाही जमलं तर मूल परत नववीत येतं, ऐन वर्षाच्या मधे. पालकांची आधीच लेखी संमती घेतलेली असते. ऐकायला किती छान वाटतं, नाही? प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते दुसरं पत्र कुणी लिहीतच नाही. पोर पेन्सिलीतच राहतं, मागच्या बाकावर, आणि बाहेरच्या परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली की सगळ्यांना त्याची आठवण होते.

आमच्या वेळी एक मुख्याध्यापक होते. आजचे सर नव्हेत, सर, तुम्ही पाणी प्या निवांत. मुलांनी त्यांचं नाव "शंभर टक्के" ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे हा त्यांचा ध्यास. आणि निकाल वर न्यायचा सोपा रस्ता कोणता? कच्ची पोरं नववीतच अडवायची. ती दहावीत गेलीच नाहीत तर नापास कुठून होणार? म्हणून त्यांना वाटायचं, मी प्रत्येक पत्रात "त्याच वर्गात ठेवावे" लिहावं. आणि मी पडले हट्टी. मी प्रत्येक पत्रात "अटीवर" लिहायची. ते म्हणायचे, "बाई, तुम्हाला शाळेचं काही पडलेलं नाही." मी म्हणायची, "सर, मला पोरांचं पडलंय." असं उत्तर दिलं की चार दिवस बरं वाटतं. आमची ही जुगलबंदी दरवर्षी व्हायची, आणि स्टाफरूममधले लोक चहा घेऊन बघायला यायचे. तर वर्ष वाया न घालवणारी बाई हे नाव पडलं ते असं.

अशात एका निकालाच्या आधी वर्गावर दोघी बहिणी आल्या. धाकटी माझ्या वर्गातली. मुलांनी पुढे तिचं नाव "लिफ्ट" ठेवलं, का ते सांगते, तोवर आपणही तिला लिफ्टच म्हणू. थोरली एकोणीस-वीसची, शिवणकारखान्यात कामाला. पालकसभेला नेहमी हीच यायची. इतर आया-बाप खुर्च्यांवर बसायचे आणि ही विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसायची, दप्तर ठेवायच्या फळीवर पिशवी ठेवून. मी एकदा म्हटलं, "अगं, खुर्चीत बस ना." म्हणाली, "राहू द्या बाई, मला इथंच बरं वाटतं."

त्यांच्या घरची परिस्थिती अशी. बाप टेम्पो चालवायचा, पहाटे गेला की रात्री यायचा. आई जिन्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण कितीतरी महिने अंथरुणावर. थोरलीचा पगार सोडता येण्यासारखा नव्हता. मग आईचं सगळं करायला घरी कोण राहणार? लिफ्ट. अर्धं वर्ष ती शाळेत आलीच नाही म्हणा ना. आली तरी जेवणाच्या सुट्टीत घरी पळायची. भाषेत, इतिहासात ती निभावली, घरी पुस्तक वाचून तेवढं जमतं. गणित आणि विज्ञान हे काही आईच्या उशाशी बसून एकटीनं होत नाही. दोन विषय गेले, म्हणजे तिचं पत्र माझ्याकडे आलं.

आता या काळात माझ्याकडे येणारा प्रत्येकजण एकच मागणं घेऊन येतो, बाई, कसंही करून वर ढकला. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तर लिफ्ट म्हणाली, "बाई, मला परत नववीत बसवा."

मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी झालं. म्हटलं, "का गं? इतकी का मी आवडले तुला?"

"तसं नाही. मी नववीत बसलेच नाही ना. सगळे करून दहावीत चाललेत. मी काय करून जाऊ?"

थोरलीनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की मलाच झोंबला. "गप्प बस. बाई, हिचं काही ऐकू नका. तुम्ही दरवेळी लिहिता तसंच लिहा. अटीवर म्हणून."

"अगं, पण तिचं बरोबर आहे."

"बरोबर असेल. पण तसं पत्र घरी गेलं ना, बाबा तिला शाळेतून काढतील. मला काढलं तसं."

मग सगळं बाहेर आलं. थोरली दुसऱ्या एका शाळेत होती, सातवीत. तिथूनही असंच पत्र आलं होतं घरी, "त्याच वर्गात ठेवण्यात येत आहे" असं. बापानं ते पत्र खिशात घातलं, दुसऱ्या दिवशी तिला म्हणाला, राहू दे आता. ना आरडाओरडा, ना मारझोड. तिची शाळा संपली. मी तिला विचारलं, "तू भांडली नाहीस?" ती म्हणाली, "कशावरून भांडू? शाळेनंच लिहून दिलं होतं."

झाली का पंचाईत? खाली ठेवावं तर बाप शाळा बंद करणार. वर पाठवावं तर पोरगी गणितात गटांगळ्या खाणार, आणि तिला स्वतःला हे पक्कं माहीत. आणि गंमत बघा, पहिल्यांदाच शंभर टक्क्यांना हवी ती ओळ योग्य होती आणि मला लिहिता येत नव्हती. घरी जाऊन मी डोकं धरून बसले. आमचे हे म्हणाले, "इतकी पत्रं लिहितेस, अजून एक लिही." नवऱ्यांना काय जातं बोलायला.

शेवटी मी लिहिलं, "अटीवर दहावीत पाठवावे." आणि खाली शेऱ्यात लिहिलं, की गणिताच्या आणि विज्ञानाच्या तासांना ही मुलगी नववी ब मध्ये बसेल. पहिल्या सत्रात गणित-विज्ञानाच्या दोन्ही वर्गांच्या परीक्षा देईल. त्यानंतर मी फेरविचाराचं पत्र स्वतः लिहीन. "पुढच्या वर्षी काय बदलणार आहे" याच्यापुढे लिहिलं, आई काठी घेऊन चालू लागली आहे. समितीत शंभर टक्के चष्मा काढून म्हणाले, "बाई, एक मूल दोन वर्गांत? असा रकाना नाही आपल्याकडे."

मी म्हटलं, "रकाना नाही सर, पण जिना आहे."

विज्ञानाच्या बाई हसल्या, मग पर्यवेक्षकही हसले. वेळापत्रक मी आधीच जुळवून नेलं होतं. आमचं गणित चालू असताना दहावीचाही गणिताचाच तास यावा म्हणून तीन शिक्षकांच्या पाया पडले होते, म्हणजे अगदी खरोखर नव्हे, पण जवळपास. शंभर टक्के म्हणाले, "ठीक आहे. पण पेन्सिलीत आहे तोवर माझ्या दहावीत मोजायची नाही." मी म्हटलं, मोजू नका. आणि सही झाली.

बापाला बोलावलं संमतीसाठी. तो गणवेशासारखा खाकी शर्ट घालून आला, टेम्पो फाटकाबाहेर चालूच ठेवून. विचारलं एवढंच, "पोरगी पास आहे का नापास?" मी म्हटलं, "अटीवर वर चढवलीय." तो विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे लर्निंग लायसनसारखं?" मी म्हटलं, "अगदी तस्सं." इतक्या वर्षांत ही गोष्ट इतक्या पटकन कुणाला कळली नव्हती. मान डोलावली आणि सही करून गेला.

मग सुरू झाली वरखाली. दहावी दुसऱ्या मजल्यावर, नववी ब तळमजल्यावर. घंटा झाली की ही दप्तर छातीशी धरून धाडधाड खाली, तास संपला की परत वर. म्हणून ती लिफ्ट. चार दिवसांत नाव पडलं. दहावीची मुलं "खाली जाणारी" म्हणायची आणि नववीची "वरून आलेली". तिला दोन्हीकडे धड जागा नव्हती. दहावीत हजेरी घेताना सगळे क्रमांक संपले की मग तिचं नाव, तेही काही शिक्षक विसरायचे. मग ही उभी राहून म्हणायची, "सर, मी." एकदा मला जिन्यात भेटली, धापा टाकत. म्हटलं, "दमलीस का गं?" म्हणाली, "पायच दमतात बाई. तुमच्या वर्गात बसले की बरं वाटतं." मला रडू आलं तेव्हा, खरं सांगते. मी हिला जिन्यावर आणून ठेवलं होतं, कारण दुसरीकडे कुठे ठेवायला जागा नव्हती.

पहिलं सत्र झालं. नववीच्या गणितात तिला एकसष्ट, विज्ञानात अठ्ठावन्न. दहावीच्या गणितात अकरा, विज्ञानही तसंच. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक म्हणत होते, भाषा बऱ्या आहेत, ढकला, शिकवणी लावतील. दुसरे म्हणत होते, अहो अकरा! मला कुणाशी वाद घालायची ताकद नव्हती. मी दुसरं पत्र लिहिलं. सगळ्या नोकरीत मनापासून लिहिलेलं ते एक. "या विद्यार्थिनीस परत नववीत पूर्ण वर्षासाठी बसवावे." शंभर टक्के सही करताना माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "बाई, तुम्ही हे लिहिताय?" मी म्हटलं, "सर, तुम्हाला आनंद होतोय म्हणून मी आत्ता फाडून टाकीन हं." त्यांनी पटकन सही केली.

राहिला बाप. आधीच्या संमतीपत्रात खाली आणण्याबद्दल लिहिलेलं होतंच, शाळेला त्याला विचारायची गरज नव्हती. पण कागदावर संमती असून काय उपयोग, मुलगी उद्या शाळेतच आली नाही तर? म्हणून त्याला बोलावलं. थोरली सोबत आली होती, चेहरा पांढराफटक. मी तिला म्हटलं, "तू जरा वर जा, बहिणीचं दप्तर आवरायला मदत कर." तिथे थांबली असती तर तिनं ओठ चावून रक्त काढलं असतं.

मी बापासमोर दोन उत्तरपत्रिका ठेवल्या. दहावीची आणि नववीची. त्याला गणित कळायचं कारण नव्हतं. तो एक पान उलटायचा, मग दुसरीतलं एक पान उलटायचा. दहावीच्या उत्तरपत्रिकेत प्रश्नांचे क्रमांक लिहिलेले आणि खाली कोरं. नववीच्या उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडलेली.

"हे दोन्ही पेपर हिचेच?"

"हिचेच. एकाच आठवड्यातले."

"मग हिला येतंय की."

"येतंय. नववीचं येतंय. तिचं नववीचं वर्ष तुमच्या घरी गेलं, आईपाशी. ते तिला परत द्या एवढंच मी मागतेय. ती काही नापास नाही."

तो पुरवणीच्या दोऱ्याशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "लायसनच्या परीक्षेत मी दोनदा पडलो होतो. रिव्हर्सला. साहेब म्हणाला, जा, सराव करून ये." मान वर केली आणि म्हणाला, "बसवा परत. मी पाठवीन तिला."

सुटले एकदाची, असं मला वाटलं. मी पेन पुढे केलं, त्यानं सही केली. उठून दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"बाई, एक विचारू? ते थोरलीचं पत्र आलं होतं, तिच्या शाळेतून. त्यातही हेच लिहिलं होतं का? परत बसवा म्हणून?"

मी म्हटलं, "हो. हेच लिहिलं असणार."

"मला वाटलं, शाळा नको म्हणतेय." तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा. "मला वाटलं, घेऊन जा असं लिहिलंय. भांडायला जायचं तर कुणाशी जायचं, आपल्याला काय कळतंय. म्हणून मी गुपचूप घेऊन आलो तिला." मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तिला आता बसवता येईल का?"

मित्रहो, मी इतकी पत्रं लिहिली, याचं पत्र कुणाला लिहायचं? वीस वर्षांची मुलगी सातवीत कुठे बसवणार? मी काहीतरी बोलले, बाहेरून परीक्षा देता येते, संध्याकाळचे वर्ग असतात, असं. तो "बरं" म्हणाला आणि टेम्पोकडे गेला.

लिफ्ट खाली आली, नववी ब मध्ये बसली, आणि पास झाली. पुढच्या वर्षी दहावीही झाली. सेकंड क्लास. अगदी साधा. आज ती नोकरी करते, घर चालवते, माझ्यापेक्षा चांगला चहा करते. तिचं वर्ष वाया गेलं नाही, चिटणीसबाई, एवढं तुमचं खरं.

पण थोरली काही दिवसांनी धाकटीची पुस्तकं बदलून न्यायला आली तेव्हा मी तिला संध्याकाळच्या वर्गाचा अर्ज दिला. तिनं तो बघितला आणि घडी घालून माझ्याच टेबलावर ठेवला. म्हणाली, "आता नाही बाई. कारखाना सुटतो कधी, मी जाऊ कधी. आणि खरं सांगू, आता लाज वाटते." मी म्हटलं, "अगं, तुझ्या बाबांनी स्वतः विचारलंय, तुला बसवता येईल का म्हणून."

ती दाराकडे निघाली होती, ती मागे वळली. मग म्हणाली, "बाबांनी विचारलं? स्वतःहून?"

"हो."

"काय म्हणाले? नेमकं कसं म्हणाले?"

मी सांगितलं. त्यांना वाटलं होतं शाळेलाच तू नको होतीस, हेही सांगितलं. ती नेहमीच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितलं. मग डोळे पुसले, पिशवी उचलली आणि जाता जाता म्हणाली, "बाई, ते पत्र लिहिता ना तुम्ही, त्यात एक ओळ जास्त लिहीत जा. शाळेला ही मुलगी हवी आहे, अशी. बाबांनी वाचली असती ती."

अर्ज तसाच राहिला. ती पुढे कधी शिकली नाही. मी मात्र त्यानंतर "त्याच वर्गात ठेवावे" लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या पालकांच्या प्रतीवर खाली हातानं लिहीत आले, शाळेला हा मुलगा हवा आहे, शाळेला ही मुलगी हवी आहे. समितीनं कधी हरकत घेतली नाही, कारण समिती तेवढं खाली वाचतच नाही. उद्यापासून नववी ब ज्या बाईंकडे जातेय त्या इथेच बसल्यात. बाई, कपाटाची किल्ली तुम्हाला कार्यालयातून मिळेल. ती ओळ मात्र माझ्याकडूनच घ्या, आणि कितीही दमलात तरी लिहा.

अध्यक्ष महोदय, आपण वेळ दिलात, संस्थेनं इतकी वर्षं पगार आणि छत्र दिलं, सहकाऱ्यांनी माझा तिरकसपणा पोटात घातला, शिपाईदादांनी माझ्या वर्गाच्या खिडक्या न सांगता लावल्या, सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, जास्त वेळ घेतला असेल, तर थकलेल्या बाईचं बोलणं म्हणून पदरात घ्या. मुलांनो, आता उठा. खुर्च्या दादांना एकट्याला उचलू देऊ नका. नमस्कार.